‘एक कविता पाहिजे’ – बस, एवढंच. आता काय पाठवायचं?

नवी_ओळ
नमस्कार मंडळी. एका ओळखीच्या काकूंचा निरोप आला आहे: ‘एक कविता पाहिजे, लिहून देशील का?’ विषय नाही, प्रसंग नाही, किती ओळी ते नाही, अभंग-गझल-मुक्तछंद काहीच नाही. विचारलं तर उत्तर आलं, ‘तुला सुचेल ते.’
सुचेल ते म्हणजे कोरा कागदच झाला. माझ्या डोक्यात असं आहे की पूर्ण कविता न लिहिता दोन-चार नमुने पाठवावेत आणि त्यांनी निवडावं. पण नमुने किती, किती ओळींचे, आणि एकमेकांपासून कशात वेगळे? विषय बदलावा की प्रकार?

बर्डीकर
सरळ दहा प्रश्न पाठवा. विषय कोणता, कुणासाठी, कधी, यमक हवं का, किती ओळी. उत्तरं आली की लिहा. काहून एवढा विचार करून राहिल्या?

धंतोलीची_मावशी
बर्डीकर, ज्यांना ‘कविता पाहिजे’ याच्यापुढे एक शब्द लिहिता आला नाही, त्या दहा प्रश्नांची उत्तरं देतील होय? प्रश्नपत्रिका पाहून निरोपच बंद होईल.

लघुगुरू
मावशींचं बरोबर आहे, आणि कारणही साधं आहे. न लिहिणाऱ्या माणसाला प्रकाराचं नाव घेऊन मागता येत नाही, पण समोर आलेली ओळ आपली की परकी हे त्याला लगेच कळतं. साडीच्या दुकानात ‘कोणता पोत हवा’ असं विचारलं तर गिऱ्हाईक गप्प होतं. तीन साड्या उलगडल्या की बोलायला लागतं.

म्हणून तीन नमुने. दोन असले तर एक बरा आणि एक वाईट अशी स्पर्धा लागते. पाच असले तर खिचडी होते: ‘पहिल्याची सुरुवात छान आहे, त्याला चौथ्याचा शेवट जोडा.’ अभंगाच्या कडव्याला मुक्तछंदाचा शेवट जोडायचा म्हणजे सायकलला रिक्षाचं चाक.

विषय मात्र तिन्हींत एकच ठेवावा, असं माझं मत आहे. एक आईवर, एक पावसावर, एक देशावर असं पाठवलं तर समोरचा माणूस विषय निवडतो. कविता तो वाचतच नाही. ‘आईवरची द्या’ असं उत्तर येतं, आणि आईवरची गोड हवी की भांडकुदळ हे पुन्हा अंधारातच राहतं. वस्तू एक ठेवली की फरक फक्त बोलणाऱ्या आवाजात उरतो.

वस्तूही आत्ता दोघांच्या डोळ्यांसमोर असलेली घ्यावी. एप्रिल आहे, नागपूर आहे. कूलर घ्या.

गोरेवाड्याचा_बिबट्या
कूलरवर कविता 😂 आता टुल्लू पंपावर पोवाडा येऊ द्या.

सावजी_रस्सा
बरा धागा निघाला. आमच्या मामेभावाची ३१ मे रोजी निवृत्ती आहे, महावितरणमध्ये लाईनमन. सोळा ओळींची, यमकवाली, थोडी हसवणारी कविता पाहिजे. नमुने पाठवले तरी चालतील.

बर्डीकर
रस्साभाऊ, तुमच्याकडे विषय, प्रसंग, तारीख, ओळी सगळंच आहे. या धाग्याला काहीच नसलेला माणूस पाहिजे.

सावजी_रस्सा
म्हणजे मी जास्त माहिती दिली म्हणून मला कविता नाही? हे बरं आहे बाप्पा.

नवी_ओळ
रस्साभाऊ, थांबा, तुमचंही बघू 🙂
लघुगुरूदादा, कूलर पटला. एक सुरुवात लगेच सुचली, भुजंगप्रयातात आहे. गझलेचा पहिला शेर, मतला म्हणून चालेल का?

उन्हाला दिला मी तुझा आज पत्ता
तरी सावलीचीच दारात सत्ता

बर्डीकर
छान आहे, पण पहिल्याच शब्दात वृत्त तुटलं. भुजंगप्रयातात प्रत्येक गणाचं पहिलं अक्षर लघू पाहिजे. ‘उन्हाला’मध्ये न्ह हे जोडाक्षर आहे, म्हणून त्याच्या आधीचा उ गुरू होतो. शाळेत शिकवलं होतं.

लघुगुरू
शाळेत अर्धंच शिकवलं. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू होतं ते त्याच्यावर आघात येतो म्हणून. ‘पत्ता’ म्हणून बघा, ‘प’ आपोआप दाबला जातो: पत्-ता. आता ‘उन्हाला’ म्हणा. आपण ‘उन्-हाला’ म्हणत नाही, ‘उ-न्हाला’ म्हणतो. उ वर जोर नाही, म्हणून तो लघूच. ‘तुझ्या’, ‘तुम्ही’ यांचंही असंच. त्यामुळे नवी_ओळ यांच्या दोन्ही ओळी लगागा लगागा लगागा लगागा अशा चोख बसतात: उन्हाला / दिला मी / तुझा आ / ज पत्ता.

अडचण वृत्तात नाही, पुढे आहे. गझल म्हटली की निदान पाच शेर लागतात. मतल्यात पत्ता आणि सत्ता हे दोन काफिये, म्हणजे यमकाचे शब्द, खर्च झाले. उरलेल्या चार शेरांसाठी आणखी चार पाहिजेत. काढून बघा बरं.

नवी_ओळ
भत्ता.
मत्ता.
...
आत्ता?

लघुगुरू
‘आत्ता’ नाही चालणार. पत्ता-सत्तामध्ये जोडाक्षराआधी अ आहे, आत्तामध्ये आ. ती अलामत मतल्यात ठरून गेली, आता मोडता येत नाही.

गोरेवाड्याचा_बिबट्या
घ्या, मी देतो:

तिकीटात गेला जरी पूर्ण भत्ता
तरी गाठला ना कुणी कोलकत्ता

वृत्तात आहे, मोजून घ्या.

लघुगुरू
मोजला. बसतो आहे, कपाळ बडवून घेण्याइतका चोख. आणि नेमका हाच धोका आहे: काफिये संपले की कूलरवरची गझल रेल्वे स्टेशनावर जाऊन पोचते.

नमुना देताना बहुतेकांचं इथेच फसतं. चार ओळी सुंदर लिहून पाठवतात, समोरचा म्हणतो ‘हीच पाहिजे’, आणि मग कळतं की ती पुढे जातच नाही. नमुना म्हणजे वचन आहे. पाठवण्याआधी गझलेसाठी निदान आठ काफिये कागदावर लिहून काढावेत, म्हणजे चार शेरांना निवड राहते. अभंगाचं दुसरं कडवं लिहून बघावं. मुक्तछंदाची शेवटची ओळ तयार असावी, मधलं नंतर भरता येतं.

तुमचीच कल्पना ठेवून काफिया बदलला तर:

तुझा आज पत्ता उन्हा धाडला मी
तिथे सावलीचा लळा लावला मी

आता दर शेराच्या शेवटी तसाच येणारा ‘मी’ हा रदीफ आणि त्याआधीचे धाडला-लावला हे काफिये. पुढे टाळला, सोसला, ठेवला, पेरला, वेचला, जोडला, मोडला, राखला. आठ झाले, अजून निघतील.

इतवारी
निघतील, पण सगळी भूतकाळी क्रियापदं. पाच शेर ‘मी हे केला, मी ते केला’ असं वाचून माणूस कंटाळेल. शिवाय पहिली कल्पना जास्त चांगली होती. ऊन पाठवूनही सावलीचीच सत्ता, यात टोला होता. तुमच्या मतल्यात तो टोला गेला, फक्त सोय राहिली.

लघुगुरू
मान्य. टोला कमी झाला. पण पहिला पुढे जात नव्हता. यातून तिसरी वाट निघाली तर मलाही हवी आहे.

नवी_ओळ
मला अजूनही पत्ता-सत्ताच आवडतो 😞

धंतोलीची_मावशी
तो दोनच ओळींचा सुटा शेर म्हणून वहीत राहू दे. सगळ्याच ओळी कामाला जुंपायच्या नसतात.

लघुगुरू, माझा मुद्दा वेगळा आहे. तिन्ही नमुने कूलरवरच ठेवले आणि त्या काकूंना कूलरशी काही देणंघेणंच नसलं तर? तिन्ही एकदम बाद. निदान एक नमुना तरी वेगळ्या विषयावर असावा. लोक विषयानेच हलतात, आवाजाने तुम्ही आम्ही हलतो.

लघुगुरू
मावशी, धोका आहे, नाही म्हणत नाही. पण तीनपैकी एकाचा विषय वेगळा ठेवला आणि तोच निवडला गेला, तर तो विषयामुळे निवडला की आवाजामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही.

धंतोलीची_मावशी
आपल्याला प्रयोगशाळा चालवायची आहे की काकूंना कविता द्यायची आहे? कशामुळे का असेना, आवडलं ना.

इतवारी
मी त्याच्याही पुढे जातो. नमुनेच देऊ नयेत. ‘तुला सुचेल ते’ हे उत्तर खरं धरावं, एक पूर्ण कविता लिहावी आणि पाठवून द्यावी. तीन तुकडे पाठवणं म्हणजे आपलं काम त्यांच्या अंगावर टाकणं. निवड करायची असती तर त्यांनी आधीच सांगितलं असतं.

लघुगुरू
वडीलधाऱ्या माणसाला, किंवा ज्यांना निवडायला संकोच वाटतो त्यांना, मीही एकच पूर्ण कविता पाठवण्याच्या बाजूचा आहे. फक्त खाली एक ओळ जोडावी: ‘हीच गोष्ट अभंगात किंवा जरा हसरी करूनही देता येईल.’ म्हणजे हातात कविता असते आणि दारही उघडं राहतं. पण पूर्ण कविता पाठवली की समोरचा माणूस नापसंती सांगत नाही, हे ध्यानात घ्या. सोळा ओळी लिहून दिल्यावर ‘नाही आवडली’ कोण म्हणेल? चार ओळींना सहज म्हणता येतं. तुकडा असण्याचा तो मोठा फायदा आहे.

असो. नवी_ओळ यांनी नमुने विचारलेत, तर बाकीचे दोन.

अभंग. चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, शेवटच्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक.

कूलर लागला । वैशाख थांबला ।
उंबरी टेकला । दमूनिया ॥
ताटीच्या अंगाला । पाण्याचा ओलावा ।
वाळ्याचा गारवा । घरभर ॥

अभंगात लघू-गुरू बघत नाहीत, नुसती अक्षरं मोजतात. त्यामुळे नवख्या हाताला तो सोपा वाटतो. चुकतो तो शेवटच्या चार अक्षरांत. तिथे आवाज खाली उतरून टेकला पाहिजे. ‘दमूनिया’च्या जागी ‘दमून तो’ टाकून मोठ्याने म्हणा. अक्षरं चारच आहेत, पण ओळ टेकत नाही, लटकते.

नवी_ओळ
खरंच की. ‘दमून तो’ म्हटलं तर पुढे काहीतरी यायचं बाकी आहे असं वाटतं.
पण वैशाख येऊन उंबऱ्यावर बसला हे काय सुरेख आहे. कूलरवर कविता म्हटल्यावर मी विनोदीच धरून चालले होते.

बर्डीकर
आता वैशाख कुठे आहे? एप्रिल म्हणालात ना. सध्या चैत्र चालू आहे.

लघुगुरू
कूलर चैत्रात उतरवून धुतात, ताट्या बदलतात. खरा लागतो तो वैशाखातच. शिवाय ‘चैत्र’ ही दोनच अक्षरं, मग चरणात एक कमी पडतं.

बर्डीकर
हे दुसरं कारण खरं आहे, पहिलं मागून जोडलं 😄

लघुगुरू
😄 कबूल.

तिसरा नमुना, मोकळ्या ओळींचा:

कूलरमध्ये पाणी भरायचं
कुणाच्या वाट्याला,
यावर घर अडून बसलंय.
टाकी कोरडी,
पंप नुसता गुरगुरतोय,
आणि सगळेजण
झोपल्याचं सोंग घेऊन
एकमेकांची झोप मोजताहेत.

सावजी_रस्सा
हे आमचं घर हाय. कोणी फोटो काढला?

बर्डीकर
वाक्यं छान आहेत, पण हे गद्य आहे. एंटर मारत गेलं की कविता होते काय?

लघुगुरू
सलग लिहून बघा: ‘आणि सगळेजण झोपल्याचं सोंग घेऊन एकमेकांची झोप मोजताहेत.’ अर्थ तोच आहे. पण ‘आणि सगळेजण’ इथे ओळ तुटते तेव्हा वाचणारा क्षणभर धरून चालतो की आता सगळे उठणार. पुढच्या ओळीत ते झोपेचं सोंग घेतात. त्या एका श्वासाएवढ्या फसवणुकीसाठी ओळ तोडली आहे. जिथे तोडून असं काहीच होत नाही, तिथे खरंच एंटर मारलेलं गद्य असतं. या नमुन्यात पहिल्या दोन ओळी तशाच आहेत, तिथे तुमचा आक्षेप लागू पडतो.

इतवारी
आणखी एक. याला मुक्तछंद म्हणू नका. आपल्या विदर्भाच्याच अनिलांनी मुक्तछंद मराठीत रुजवला, आणि त्यांच्या ओळीला आतून ठेका असतो. हे गद्यप्राय आहे. काकूंना ‘मुक्तछंद’ लिहून पाठवाल आणि त्या जाणकार निघाल्या तर पंचाईत.

लघुगुरू
बरोबर. म्हणून तर निरोपात प्रकाराचं नावच घालायचं नाही. ‘अभंग’ लिहिलं की लोकांना देव आठवतो, ‘गझल’ लिहिलं की दुःख. नाव वाचून निवडतात. नुसतं १, २, ३.

गोरेवाड्याचा_बिबट्या
चौथा नमुना फुकट घ्या. हायकू, पाच-सात-पाच:

कूलर बंद
ताटीत अडकला
वाळ्याचा गंध

धंतोलीची_मावशी
बिबट्या, कोलकत्त्यानंतर हे अपेक्षित नव्हतं. चांगला आहे.

इतवारी
बंद-गंध. द आणि ध. यमक कच्चं.

गोरेवाड्याचा_बिबट्या
लाईट गेल्यावर एवढंच दिसते भाऊ.

लघुगुरू
नमुना म्हणून हायकू मात्र देऊ नका. तो तीन ओळींत पुरा होतो, मग समोरच्याला वाटतं कविता मिळाली, विषय संपला. पुढे काय वाढवून देणार? त्यांना तेवढंच हवं असलं तर प्रश्न नाही.

नवी_ओळ
निरोप कसा लिहू? ‘यातला कोणता आवडला’ असं विचारलं तर ‘तिन्ही छान’ येणार, मला खात्री आहे.

लघुगुरू
येणारच. ‘तिन्ही छान’ म्हणजे बहुतेक वेळा एकही लागला नाही, किंवा वाचायला वेळ झाला नाही. म्हणून ‘आवडला’ हा शब्दच टाळायचा. असं काहीतरी लिहा:

‘काकू, विषय तुम्ही माझ्यावर सोडलात म्हणून सध्याच्या उन्हाळ्यावर तीन सुरुवाती पाठवते आहे. यातली कोणती ओळ तुम्ही घरात मोठ्याने वाचून दाखवाल, तेवढं सांगा. एखाद्या ओळीत काही खटकलं तर तेही. गुरुवारपर्यंत नाही जमलं कळवायला तर तिसरी पूर्ण करून देते, साधारण वीस ओळींची.’

‘वाचून दाखवाल’ म्हटलं की माणूस ऐकणाऱ्याचा विचार करतो, आणि कविता कुणासाठी आहे ते हळूच बाहेर येतं. ‘खटकलं तर’ म्हटलं की दुरुस्ती सांगायला परवानगी मिळते. आणि शेवटची अट तुमच्यासाठी आहे. उत्तर आलंच नाही तरी काम अडत नाही. लांबीचा प्रश्नही तिथेच मिटतो. वीस छोट्या ओळी म्हणजे वाचायला जेमतेम मिनिटभर. काहीच माहीत नसताना त्याहून लांब जाऊ नये.

इतवारी
तिसरीच का पूर्ण करणार? अभंग का नाही?

लघुगुरू
आलेल्या बातमीप्रमाणे वाकवायला मोकळी ओळ सोपी. उद्या त्यांनी सांगितलं की हे नातवाच्या मुंजीसाठी आहे, तर मोकळ्या ओळीत नातू बसवता येतो. गझलेत त्याचं नाव वृत्तात बसेल की नाही हे त्याच्या आईबापांवर अवलंबून.

धंतोलीची_मावशी
तरी मी म्हणते, एक नमुना दुसऱ्या विषयावरचा टाकून बघ ग. माझं ऐक.

नवी_ओळ
मावशी, यावेळी तिन्ही कूलरचेच पाठवते. फसलं तर तुमच्या वाटेने जाईन. गझलेत दादांचा मतलाच ठेवला आहे, टोला कमी असला तरी. पाठवला निरोप.

सावजी_रस्सा
तोपर्यंत ३१ मे चं कोणी बघणार का? लाईनमनवर किती सोपं आहे. खांब, तार, पाऊस.

बर्डीकर
यमक ‘खांब-थांब’पासून सुरू करा रस्साभाऊ, पुढचं आपोआप येईल.

नवी_ओळ
काकूंचं उत्तर आलं. जसंच्या तसं देते:

‘तिसरं आमच्याकडचंच आहे. पण त्यात सगळ्यांना नको झोपवू. आमच्याकडे पाणी हेच भरायचे. दुपारी दोनला, बादलीने.’

आता काय करू?

गोरेवाड्याचा_बिबट्या
...भरायचे?

धंतोलीची_मावशी
हो. भरायचे.

नवी_ओळ
काकांची तब्येत बरी नसते एवढं माहीत होतं. त्या हल्ली मुलाकडे असतात, मध्ये वर्षभर बोलणं नव्हतं. विचारू का नेमकं काय ते?

लघुगुरू
निरोपातून विचारू नका. सांगायचं असतं तर त्यांनी लिहिलं असतं. फोन करा, पण कवितेसाठी नाही.

कवितेला तेवढी माहिती पुरते. ‘भरायचे’ याचा अर्थ ते नाहीत असाही होतो आणि आता उचलवत नाही असाही होतो. दोन्हींत खरी राहील अशीच ओळ लिहायची. पहिल्या तीन ओळी काढून टाका. पाणी कुणाच्या वाट्याला हा वाद त्या घरात कधी नव्हताच. शेवट बदला:

दुपारचे दोन.
टाकी कोरडी,
पंप नुसता गुरगुरतोय,
आणि सगळेजण
झोपल्याचं सोंग घेऊन
बादलीच्या आवाजाची
वाट बघताहेत.

बर्डीकर
मघाशी गद्य म्हणालो होतो. शब्द परत घेतो.

इतवारी
पण ‘सगळ्यांना नको झोपवू’ असं त्या स्पष्ट म्हणाल्या आहेत, आणि तुम्ही पुन्हा झोपवलं.

लघुगुरू
मी ते ‘त्यांना नको झोपवू’ असं वाचलं. भरणारा जागा होता, बाकीचे झोपलेले. तो माणूस आता सगळेजणमध्ये नाही.

इतवारी
हा तुमचा अर्थ. त्या वाचतील तेव्हा ‘झोपल्याचं’ एवढंच दिसेल आणि वाटेल ऐकलं नाही आपलं. सोंगाच्या दोन ओळी काढल्या तरी कविता उभी राहते: ‘आणि सगळेजण / बादलीच्या आवाजाची / वाट बघताहेत.’

धंतोलीची_मावशी
मला इतवारींचं पटतं. विनोदी घरातलं सोंग होतं ते. आता त्याची गरज नाही. आणि कुठेतरी ‘हे’ यायला पाहिजे. नवऱ्याला त्या ‘हे’च म्हणतात, तो शब्द त्यांचा आहे.

लघुगुरू
सोंग काढलं तर ओळ तोडल्याची फसवणूक जाते. मला ती हवी आहे. पण ‘हे’ची सूचना चांगली आहे. ‘हे’ आलं की मात्र बोलणारी काकूच होते, मग सगळी कविता त्यांच्या तोंडून लिहावी लागेल.

नवी_ओळ
मी दोन्ही लिहून बघते, सोंगासकट आणि सोंगाशिवाय. वीस ओळी होणार नाहीत आता, बाराच्या आत संपेल असं वाटतं. आधी फोन करते.

सावजी_रस्सा
करा ताई फोन. माझी काही घाई नाही.
‘खांब-थांब’च्या पुढे ‘लांब’ सुचलं आहे, तोपर्यंत त्याच्यावर बसतो.